लग्नाआधी दात पांढरे करायचेत? इनॅमल शाबूत ठेवून काय जमतं, काय जमत नाही

तुळशीचं लग्न लागलं की जळगाव-धुळ्याकडच्या दातांच्या दवाखान्यांत एकच प्रश्न घुमायला लागतो. कुणी शुद्ध मराठीत विचारतं, कुणी अहिराणीत, "डॉक्टर, दात पांढरा व्हतीन का?" होतात. पण कुणाचे, किती आणि कशाने, हे तिघांच्या बाबतीत तीन तऱ्हेचं असतं. शिवाय विचारणाऱ्यांतल्या निम्म्या जणांनी येण्याआधीच घरी लिंबू-सोडा घासून पाहिलेला असतो. म्हणून या लेखात सगळ्या उपायांची जंत्री देत नाही. घरी रात्री दातांवर घालायच्या, जेल भरलेल्या ट्रेचं ब्लीचिंग हा सगळ्यात भरवशाचा मार्ग मी मानतो. तो नीट सांगतो, आणि त्याच्या आधी काय तपासायचं तेही.

पिवळेपणा कुठे आहे ते आधी बघा

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतलं डेंटिन मुळातच पिवळसर असतं आणि दाताचा रंग बराचसा तिथून येतो. धुरकट काचेआड पिवळा दिवा लावावा, तसा हा प्रकार आहे. काच जितकी पातळ, तितका पिवळा उजेड जास्त. घासून घासून दात पांढरा करायला जाणाऱ्याचा दात शेवटी जास्त पिवळा का दिसतो, त्याचं उत्तर यातच आहे. आणि झिजलेलं इनॅमल परत उगवत नाही. लाळेतल्या खनिजांनी आणि फ्लोराइडने मऊ पडलेला थर पुन्हा कडक होऊ शकतो, पण गेलेली जाडी भरून येत नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. सकाळी दात घासल्यावर खिडकीशी, दिवसाच्या उजेडात आरसा धरा. ओठ वर करून पुढचे दात स्वच्छ रुमालाने कोरडे करा आणि नीट बघा. तपकिरी किंवा काळपट रेषा हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत साठलेली दिसत असेल, नख फिरवल्यावर खरखरीत लागत असेल, तर तो बाहेरचा डाग आहे, बहुधा कीटणासकट. दात गुळगुळीत आहे, पण सगळा सारखा पिवळसर आणि हिरडीकडे जरा गडद दिसतोय, तर रंग आतला आहे. सुळे बाकीच्या दातांपेक्षा पिवळे दिसतात, ते सगळ्यांचेच तसे असतात. त्यावरून काळजी करू नका.

बाहेरच्या डागांचं खापर आपण चहावर फोडतो. खरं तर आपला दुधाचा चहा कोऱ्या चहाच्या मानाने बराच सौम्य, कारण दुधातलं प्रथिन चहातल्या रंगद्रव्याला धरून ठेवतं. आपल्या भागात दात रंगतात ते मुख्यतः तंबाखू-चुना, मिश्री, बिडी, सुपारी आणि गुटख्याने. त्याखेरीज दोन कारणं कुणाच्या ध्यानात येत नाहीत. हिरड्यांसाठी दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दोन आठवड्यांऐवजी महिनोन्महिने वापरला की दातांवर तपकिरी थर चढतो. लोहाच्या पातळ औषधानेही चढतो. हे सगळं वरचंच असतं, निघून जातं.

पांढरं करण्याआधी साफ करा

डाग बाहेरचा असेल तर ब्लीचिंगच्या जेलचा फारसा उपयोग नाही. स्केलिंग आणि पॉलिशिंग करून घ्या. स्केलिंगने दात हलतात किंवा इनॅमल निघतं, ही भीती घरोघरी आहे. वस्तुस्थिती अशी की यंत्राची कंप पावणारी टोकं कीटण फोडतात, आणि जी फट 'नवीन पडली' असं वाटतं तिथे आधी कीटणच भरलेलं होतं. ज्या दातांना केवळ कीटणाचा आधार उरला होता ते मोकळे वाटू शकतात. पण तो हिरडीचा जुना आजार असतो, सफाईचा दोष नव्हे. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं आणि ब्लीचिंगची गरज पडत नाही.

याच बैठकीत डॉक्टरांनी आणखी काही गोष्टी बघायला हव्यात. कीड लागलेला दात, तडा गेलेला दात, गळती सुरू झालेलं जुनं फिलिंग, हिरडी उतरून उघडी पडलेली मुळं. ब्लीचिंगच्या जेलमधलं पेरॉक्साइड इनॅमलमधून आत डेंटिनपर्यंत जातं, म्हणूनच ते काम करतं. कीड किंवा तडा असेल तर ते थेट नसेपर्यंत पोचतं आणि ठणका लागतो. उघड्या मुळांवर इनॅमल नसतंच. तो भाग पांढरा होत नाही, नुसता शिवशिवतो.

गुटखा-तंबाखू खाणाऱ्यांना एक वेगळं सांगणं आहे. तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तिखट लागताच आग होत असेल, गालात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, तर दातांचा रंग बाजूला ठेवा आणि आधी तोंड तपासून घ्या. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथे दाखवता येतं. तंबाखू चालू ठेवून ब्लीचिंग करणं मला पटत नाही. पैसे तर वाया जातातच, शिवाय त्या तोंडात रोज पेरॉक्साइड ठेवू नये.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. अठराच्या आतल्या मुलांनीही थांबावं. त्यांच्या दातातली नस मोठी असते.

स्वयंपाकघरातले आणि बाजारातले प्रयोग

इनॅमल विरघळायला लागतं ते साधारण 5.5 च्या खाली पीएच गेला की. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 च्या आसपास असतो. म्हणजे लिंबू चोळलं की वरचा थर आधी मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या थरावर सोडा, मीठ किंवा ब्रश फिरवला की तो खरवडून निघतो. पहिल्या दोन-चार दिवसांत दात चकचकीत दिसतात, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. ती चकाकी म्हणजे झिजेची सुरुवात. सोडा एकटा तसा फार खरखरीत नाही, पुष्कळ टूथपेस्टमध्ये तो असतो. घात होतो तो लिंबाशी जोडी जमल्यावर.

राखुंडी, कोळशाची पूड, बाजारातली काळी पेस्ट ही सगळी घासून डाग काढणारी आहेत. आतल्या रंगावर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. शिवाय काळे कण हिरडीच्या कडेला आणि फिलिंगच्या सांध्यात अडकून बसतात. जळगाव केळीचं गाव असल्यामुळे केळीच्या सालीचा उपाय आपल्याकडे फारच चालतो. साल चोळल्याने नुकसान होत नाही आणि दातही पांढरे होत नाहीत. साल गुरांना घाला, त्यांना तरी उपयोग आहे.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीवर '20 व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं. म्हणजे ते सुमारे 6 टक्के असतं. ते जखमेसाठी बनवलेलं आणि आम्लधर्मी द्रावण आहे. त्याने चुळा भरू नका, कापसाने दातांवर चोळू नका. व्हाइटनिंग टूथपेस्ट वरचे डाग थोडे कमी करते. काहींत निळसर रंगद्रव्य असतं, त्याने पिवळेपणा तेवढ्यापुरता दबलेला दिसतो. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

इनॅमल आधीच गेलंय हे कसं ओळखायचं? पुढच्या दातांच्या कडा उजेडात निळसर-करड्या, आरपार दिसतात. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, हिरडीपाशी आडवी खाच पडते आणि गार पाण्याने दातात कळ उठते, म्हणजे शिणका जातो. यातलं काही असेल तर लगेच ब्लीचिंगला बसू नका. आधी दात सावरून घ्यायला हवेत.

ट्रेचं ब्लीचिंग, पायरी पायरीने

या पद्धतीचं वर्णन दंतवैद्यकाच्या साहित्यात 1989 साली आलं आणि तेव्हापासून ती वापरात आहे. औषध असतं 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल. तोंडात त्यातून सुमारे 3.5 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. पहिल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं, उरलेलं हळूहळू रात्रभर. म्हणून हे जेल रात्री झोपताना घालतात.

डॉक्टर आधी तुमच्या दाताचा रंग शेड गाइडच्या पट्टीशी जुळवतात. तो नंबर लिहून घ्या आणि त्याच खिडकीशी, त्याच वेळेला फोटो काढा. नाहीतर दोन आठवड्यांनी 'काहीच फरक नाही' आणि 'फारच फरक पडला' यावर घरात वाद होतो. मग मऊ मापाच्या पदार्थात दातांचं माप घेतात आणि त्यावरून पातळ, लवचीक ट्रे बनवतात. ट्रेची कड हिरडीच्या रेषेवर थांबलेली हवी. हिरडीवर चढत असेल किंवा टोचत असेल तर घरी कात्रीने कापू नका, परत घेऊन जा. ऑनलाइन मिळणारा गरम पाण्यात मऊ करून चावायचा ट्रे नेमका इथे फसतो. तो ढगळ बसतो, जेल बाहेर येतं, आणि ते दातापेक्षा हिरडीला जास्त लागतं.

रात्रीचा क्रम असा. जेवण होऊन दात घासा, फ्लॉस करत असाल तर तोही करा. ट्रेच्या पुढच्या भिंतीला, प्रत्येक दाताच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढं जेल ठेवा. सुळ्याच्या जागी किंचित जास्त ठेवलं तरी चालतं. ट्रे बसवा, बोटाने हलकेच दाबा. कडेने वर आलेलं जेल ओल्या कापसाने किंवा मऊ ब्रशने पुसून टाका. झोपा. सकाळी ट्रे काढा, चूळ भरा, मऊ ब्रशने दात घासा. ट्रे गार पाण्याने धुऊन डबीत ठेवा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. रात्री ट्रे घालून झोप लागत नसेल, तर संध्याकाळी दोन ते चार तास घालूनही चालतं. फक्त दिवस थोडे जास्त लागतात.

आधी वरचे दात करा. खालचे तुलनेला राहतात आणि आपल्याच डोळ्यांना फरक पटतो. वरच्यांना साधारण दोन आठवडे, खालच्यांना थोडे जास्त. दोन-तीन रात्रींनंतर दात चट्ट्या-पट्ट्यांचे दिसू लागतात, पांढरे ठिपके उठून दिसतात. घाबरू नका. बाकीचा दात त्या ठिपक्यांच्या जवळ येईपर्यंत तसं दिसतं.

खान्देशात एक गोष्ट विशेष सांभाळायची ती म्हणजे जेल. उष्णतेने पेरॉक्साइड विघटन पावतं. मे महिन्यात आपल्याकडे 44-45 अंशांत मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा कुरियरच्या पोत्यात पडून आलेली सिरिंज दिसायला ठीक असते, पण काम करत नाही. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दवाखान्यातून नेताना उन्हाळा असेल तर पाण्याच्या गार बाटलीला टेकवून न्या. चार-पाच रात्री होऊन ना शिणका, ना रंगात काडीचा फरक, असं असेल तर पहिला संशय जेलवर घ्या.

खाण्याचं पथ्य लोक फार ताणतात. ट्रे काढल्यावर दोन-तीन तास हळद, शेवभाजीचा लाल रस्सा, कोरा चहा-कॉफी टाळली तरी पुरे. त्या दिवसांत दहीभात, भाकरी, केळी खाणाऱ्याला कुणी अडवत नाही, पण भरीत सोडून बसायची गरज नाही. लिंबू सरबत आणि सोड्याची बाटली मात्र ट्रेच्या दिवसांत कमी करा. प्यायलाच तर नंतर अर्धा तास ब्रश लावू नका.

दुखलं तर

शिणका जाणं, म्हणजे वारा लागला तरी दातात कळ उठणं, हे पुष्कळांना होतं. बहुधा पहिल्या आठवड्यातच होतं. ते इनॅमल जळाल्याचं लक्षण नाही. पेरॉक्साइड नसेपर्यंत पोचून ती काही काळ चिडलेली असते. थांबवलं की काही दिवसांत शमतं. उपाय म्हणजे एक-दोन रात्री सुट्टी द्यायची, मग एक दिवसाआड घालायचं. 5 टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट सुरू होण्याआधी दोन आठवडे वापरली तर त्रास कमी होतो. तीच पेस्ट ट्रेमध्ये भरून वीस-तीस मिनिटं घालून बसली तरी बरं वाटतं.

हिरडीला जेल लागून ती पांढरी पडली तर पाण्याने धुवा. काही तासांत रंग परत येतो. पण एकाच दातात कळ येतेय, रात्री झोपमोड होतेय, काही चावलं की दुखतंय, हे ब्लीचिंगचं दुखणं नव्हे. तिथे कीड किंवा तडा असणार. जेल बंद करून दाखवा.

एक उदाहरण

अमळनेरकडची, पंचविशीतली मुलगी डोळ्यासमोर आणा. लग्न दोन महिन्यांवर. शेड A3.5; पट्टीवर A पुढचा आकडा जितका लहान, तितका दात उजळ. तीन महिने लिंबू-सोडा चोळलेला, पुढच्या दातांच्या कडा निळसर, माठातलं पाणीही दाताला लागतं. शाळेत पडून वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला, तिथे दाताच्या रंगाचं फिलिंग.

पहिले दोन आठवडे पांढरं करण्याचं नाव नाही. लिंबू बंद, स्केलिंग, फ्लोराइडचा लेप, आणि सकाळ-संध्याकाळ पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट. माठाचं पाणी सोसायला लागल्यावर माप घेऊन वरचा ट्रे. चौथ्या रात्री शिणका गेला, दोन रात्री सुट्टी, पुढे एक दिवसाआड. अशा चौदा रात्री व्हायला जवळजवळ चार आठवडे लागले. शेवटी पुढचे दात A1 वर, सुळे A2 वर.

आणि आता ते जुनं फिलिंग पिवळं उठून दिसतंय, कारण फिलिंगवर पेरॉक्साइडचा परिणाम होत नाही. ते लगेच बदलायचं नाही. ब्लीचिंगनंतर दाताचा रंग पहिल्या दोन आठवड्यांत किंचित मागे येऊन स्थिरावतो. शिवाय दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे नवीन फिलिंगची पकड कच्ची राहते. म्हणून दोन आठवडे थांबून नव्या रंगाचं फिलिंग करायचं. बेरीज केली तर दोन महिने पुरेपूर लागले. खालच्या दातांना वेळ उरला नाही, ते लग्नानंतर. फोटोत हसताना बहुतेकांचे वरचेच दात दिसतात, त्यामुळे फार बिघडलं नाही.

हळदीला आठ दिवस उरलेत आणि आत्ता कुणी विचारलं, तर स्केलिंग-पॉलिशिंग करून थांबावं, हेच मी सांगेन. दवाखान्यात एका बैठकीत 35 ते 40 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीचिंग करता येतं. हिरडीवर संरक्षक लेप देऊन पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या करतात. त्यासोबत लावतात त्या निळ्या दिव्याने टिकाऊ फायदा फारसा होत नाही. खुर्चीतून उठताना दिसणारा झगझगीत पांढरेपणा थोडा दात कोरडा पडल्यामुळे असतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. शिणकाही यात जास्त. लग्नाच्या आदल्या आठवड्यात हे अंगावर घेऊ नये. ब्यूटी पार्लरच्या पॅकेजमध्ये तर मुळीच नाही, कारण तिथे कीड आणि तडा कुणी तपासत नाही.

जे ब्लीचिंगने होत नाही

कॅप, व्हेनियर आणि फिलिंग यांचा रंग बदलत नाही. पुढे कॅप असेल तर आधी हिशेब करा. बाकीचे दात उजळले की ती वेगळी दिसेल आणि बदलायचा खर्च वेगळा येईल. एकच दात करडा-काळपट असेल तर तो बहुधा जुन्या माराने मेलेला असतो. त्याचा एक्स-रे काढावा लागतो. रूट कॅनाल झालेला असेल तर आतून औषध भरून ब्लीचिंग करता येतं, ट्रेने नाही.

लहानपणी फ्लोराइड जास्त असलेलं बोअरचं पाणी प्यायल्याने दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी डाग येतात. त्यातले तपकिरी बरेच फिके पडतात, पांढरे राहतात. त्यांना वरचा अगदी पातळ थर घासून किंवा रेझिन मुरवून झाकायचे उपाय वेगळे आहेत. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या करड्या पट्ट्यांना तीन ते सहा महिने रोज रात्री ट्रे लागतो, आणि हिरडीजवळचा भाग तरीही पुरता सुटत नाही. एकंदरीत पिवळसर दात लवकर उजळतात आणि करडे हट्टी असतात.

मिळालेला रंग सर्वसाधारणपणे एक ते तीन वर्षं टिकतो. ट्रे जपून ठेवा. रंग उतरलासा वाटला तर आधी स्केलिंग करून घ्या, आणि त्यानंतरही पिवळेपणा दिसला तरच ताजं जेल घेऊन दोन-तीन रात्री घाला. जुन्या सिरिंजमध्ये उरलेलं, वर्षभर फ्रिजच्या दारात पडलेलं जेल टाकून द्या. दात पांढऱ्या रुमालाइतके व्हावेत असा हट्टही धरू नका. ते डोळ्याच्या पांढऱ्या भागाशी जुळले की तिथे थांबायचं. त्यापुढे प्रत्येक रात्र शिणका वाढवते आणि रंगात काही भर पडत नाही.